सुट्टीचा आदेश खरा, तारीख खोटी : फोटोतले आकडे कसे तपासायचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलैचा शेवटचा आठवडा होता आणि पाऊस दोन दिवस हटत नव्हता. २३ तारखेला संध्याकाळी आठच्या सुमारास आमच्या डेस्कच्या व्हॉट्सअॅपवर एकाच फोटोच्या सात-आठ प्रती येऊन पडल्या. कन्नडमधला शासकीय आदेश, खाली सही-शिक्का, आणि वर कोणीतरी मराठीत लिहिलेली ओळ : ‘उद्या २४ तारखेला शाळांना सुट्टी’. प्रत्येकाचा प्रश्न एकच, ‘साहेब, हे खरं आहे का?’

सीमाभागात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. आदेश कन्नडमध्ये निघतो. आपल्यातले बरेच पालक कन्नड बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यामुळे ते कागदावर दोनच गोष्टी बघतात, शिक्का आणि आकडे. मजकूर बदलायचा तर कन्नड टायपिंग यायला हवं. आकडा बदलायला काहीच यावं लागत नाही, तीनचा चार केला की काम झालं. म्हणून आपल्याकडे फिरणाऱ्या बदललेल्या फोटोंमध्ये पहिला संशय आकड्यावर घ्यावा लागतो.

हा फोटो तसाच निघाला. आदेश खरा होता, पण तो आदल्या दिवशीचा, २३ तारखेच्या सुट्टीचा. तो आम्ही कसा तपासला, आणि चार दिवसांनी तीच तपासणी लोकांनी उलटी कशी वापरली, या दोन्ही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

आधी कागद वाचा

फोटो मोठा करण्याआधी तो वाचायचा असतो. सहीच्या खाली तारीख होती २२. म्हणजे २२ तारखेला बसून अधिकाऱ्यांनी २४ ची सुट्टी जाहीर केली, मधला २३ सोडून! पावसाच्या सुट्टीचा आदेश बहुधा आदल्या संध्याकाळी निघतो, कारण दोन दिवसांनंतरचा पाऊस कोणी आज ठरवत नाही. इथे संशय आला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. सहीची तारीख चुकलेलीही असू शकते. म्हणून त्या ‘२४’ मधल्या चारकडे वळलो.

पाहण्याची पद्धत साधी आहे. फोटो संगणकावर घ्यायचा, चारशे ते आठशे टक्के मोठा करायचा आणि संशयित आकडा एकटा न बघता त्याच कागदावरच्या इतर आकड्यांशेजारी ठेवून बघायचा. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. ‘हा चार विचित्र दिसतो’ या म्हणण्याला अर्थ नाही. मोठं केल्यावर प्रत्येक आकडा विचित्रच दिसतो. ‘हा चार याच ओळीतल्या दोनसारखा आणि सातसारखा वागत नाही’, या म्हणण्याला अर्थ आहे. एकाच कागदाचा, एकाच क्षणी, एकाच कॅमेऱ्याने घेतलेला फोटो असेल तर सगळी अक्षरं एकाच वाटेने आलेली असतात. ज्याची वाट वेगळी, ते नंतर आलेलं.

पहिली खूण : कागदाचा दाणा

मोबाइलने पांढऱ्या कागदाचा फोटो काढला की डोळ्याला कागद एकसारखा पांढरा दिसतो. मोठा करून कॉन्ट्रास्ट वाढवला की कळतं, तो एकसारखा नसतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारा प्रकाश प्रत्येक ठिपक्यावर थोडा कमी-जास्त मोजला जातो, त्यात कागदाचा स्वतःचा खरखरीतपणा मिसळतो. एका ठिपक्याची उजळी २०१ असेल तर शेजारच्याची १९७, त्याच्या पुढची २०५. या बारीक चढउताराला नॉइज म्हणतात. जुने फोटोग्राफर त्याला दाणा म्हणायचे, तोच शब्द आपण वापरू.

आता आकडा बदलणारा काय करतो? मोबाइलवरच्या एखाद्या एडिटिंग अॅपमध्ये आधी जुना आकडा पुसतो. पुसायला ब्रश घेतो, रंग शेजारच्या कागदावरून उचलतो आणि तीनवर फिरवतो. रंग अगदी बरोबर जुळतो, पण तो एकच रंग असतो. त्या चौकोनात प्रत्येक ठिपका २०१, २०१, २०१. दाणा गेला. घराच्या जुन्या भिंतीवर एका जागी नवीन डिस्टेंपरचा हात मारावा तसं होतं. रंग तोच असला तरी ठिगळ दिसतं.

आमच्या फोटोत नेमकं हेच होतं. कागद करड्या दाण्याचा, आणि त्या चारभोवती साधारण बोटाच्या ठशाएवढी जागा गुळगुळीत. साध्या डोळ्याला काही नाही. गॅलरीतल्या एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट पूर्ण वर आणि ब्राइटनेस खाली ओढला तेव्हा ती जागा डागासारखी उठून आली.

इथे दोन सावधगिऱ्या. दाणा उजेडाप्रमाणे बदलतो. फोटोत हाताची सावली पडलेल्या भागात तो जास्त असतो, लखलखीत भागात कमी. म्हणून तुलना एकाच उजेडातल्या जागांची करायची, कागदाच्या वरच्या कोपऱ्याची खालच्या कोपऱ्याशी नाही. दुसरं, फोटो फार दाबला गेला असेल तर सगळ्याच कागदावरचा दाणा मरतो. तेव्हा ‘इथे दाणा नाही’ याला काही किंमत उरत नाही, कारण कुठेच नाही.

बदलणारा हुशार असला तर पुसण्यासाठी रंग न वापरता त्याच कागदाचा रिकामा तुकडा उचलून तीनवर चिकटवतो. मग दाणाही जुळतो. अशा वेळी उलटी खूण शोधावी लागते, कागदावरच्या दोन जागा ठिपका न् ठिपका सारख्या आहेत का? खऱ्या फोटोत असं होत नाही. एकाच छपाईतले दोन चारसुद्धा फोटोत हुबेहूब उतरत नाहीत.

दुसरी खूण : अक्षराची किनार

मोबाइलचा कॅमेरा फोटो काढल्यावर तो स्वतःच धारदार करतो. त्याची रीत अशी की काळं जिथे पांढऱ्याला भिडतं तिथे काळी बाजू जरा जास्त काळी करायची आणि पांढरी बाजू जरा जास्त पांढरी. त्यामुळे प्रत्येक काळ्या अक्षराभोवती एक-दोन ठिपके रुंदीची पांढरी किनार तयार होते. कागद किंचित पिवळट किंवा करडा असला की ती स्पष्ट दिसते.

ही किनार बनावटीची खूण नाही, हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. समाजमाध्यमांवर निम्मे ‘शोध’ इथेच फसतात. कोणीतरी फोटो मोठा करतो, अक्षराभोवती पांढरं दिसतं आणि लगेच ‘चिकटवलेलं आहे’ असा निकाल देतो. किनार सगळ्या अक्षरांना सारखी असेल तर ती कॅमेऱ्याची. बघायचं ते वेगळं. किनार कोणाला नाही, किंवा कोणाची वेगळी आहे?

आमच्या फोटोत २४ मधल्या दोनला किनार होती, शेजारच्या तिरक्या रेघेला होती, खालच्या सहीच्या तारखेला होती. चारला नव्हती. कारण उघड आहे. दोन कॅमेऱ्यातून आला, चार नंतर कीबोर्डवरून आला. शिवाय चारच्या रेषा फार सरळ होत्या. लेझर प्रिंटरची छपाई मोठी करून पाहिली की शाईची भुकटी कडेला थोडी विस्कटलेली दिसते, फोटोत ती आणखी मऊ होते. टाइप केलेल्या आकड्याची कड मात्र सगळीकडे एकसारखी वितळलेली असते.

आणखी एक गोष्ट होती. चारच्या उजव्या बाजूला, जिथे इंग्रजी तीनचं पोट येतं, तिथे एक फिकट करडी चंद्रकोर उरली होती. पुसणाऱ्याने आकड्याचा काळा भाग पुसला, पण त्याच्या बाहेरचा धूसर काठ राहिला. हाताने पुसलेल्या जागेत असा उरलेला काठ बऱ्याचदा सापडतो, आणि तो जुना आकडा कोणता होता तेही सांगून जातो.

मराठीत छापलेल्या कागदावर याच जागी शिरोरेषेकडे बघायचं. शब्दातलं एक अक्षर बदललं की वरची रेघ जोडावी लागते, आणि ती जाडीला किंवा उंचीला अर्ध्या ठिपक्याने तरी चुकते. कन्नड आणि इंग्रजीला ही सोय नाही. आपल्या लिपीने आपल्याला ती दिली आहे.

अक्षराभोवती कधी कधी धुळीसारखे बारीक ठिपकेही दिसतात. ते वेगळंच प्रकरण, आणि तेही निर्दोष. त्याचा संबंध तिसऱ्या खुणेशी आहे.

तिसरी खूण : फाइल किती वेळा दाबली गेली

जेपीईजी प्रकारचा फोटो साठवताना संगणक त्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतो. प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील मोजून आकड्यांची तोडजोड करतो, जसं दुकानदार सत्त्याण्णव रुपये पन्नास पैशांचे अठ्ठ्याण्णव करतो. त्यामुळे फाइल लहान होते आणि थोडा तपशील कायमचा जातो. काळी धारदार रेघ ज्या चौकोनात येते तिथे ही तोडजोड धुळीसारखी दिसते. ओळखायची खूण अशी की ती धूळ चौकोनाच्या हद्दीत थांबते.

आता गंमत बघा. एकदा अठ्ठ्याण्णव केलेल्या रकमेची त्याच नियमाने पुन्हा तोडजोड केली तर ती अठ्ठ्याण्णवच राहते. तसाच एकदा दाबलेला फोटो त्याच प्रमाणात पुन्हा दाबला तर फारसा बदलत नाही. पण नंतर घातलेला आकडा पहिल्या दाबातून गेलेलाच नसतो. तो पुढच्या दाबात जास्त बदलतो. या तत्त्वावर एरर लेव्हल अॅनालिसिस नावाची तपासणी चालते. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ नील क्रॉवेट्झ यांनी २००७ मध्ये ती लोकांपुढे मांडली, आणि पुढे ‘फोटोफॉरेन्सिक्स’ ही वेबसाइट काढून सर्वांना खुली केली. फोटो पुन्हा एकदा ठरावीक दर्जाने साठवायचा, आधीच्या आणि नंतरच्या प्रतीतला फरक काढायचा आणि तो फरक अनेक पट उजळ करून दाखवायचा. जास्त बदललेला भाग काळ्या पडद्यावर चमकतो.

ही तपासणी आम्ही केली तेव्हा पहिल्यांदा काहीच निघालं नाही. सगळे आकडे सारखेच चमकले. कारण आमच्याकडे आलेली प्रत बरीच हिंडून आलेली होती. व्हॉट्सअॅपवर नुसतं फॉरवर्ड केलं तर सहसा तीच फाइल पुढे जाते. पण कोणी ती स्टेटसला लावते, दुसरा त्याचा स्क्रीनशॉट घेतो, तिसरा तो ग्रुपवर टाकतो, आणि प्रत्येक वेळी फोटो लहान होऊन नव्याने दाबला जातो. तीन-चार दाबांनंतर जुनी आणि नवी अक्षरं सारखीच होतात, वरवंट्याखालून गेल्यासारखी.

मग आम्ही उलटं चालत गेलो. पाठवणाऱ्याला विचारलं, तुम्हाला कुणाकडून आलं? त्याने नाव दिलं, त्याने पुढचं. तिसऱ्या माणसाकडे मोठ्या आकाराची प्रत मिळाली, ती त्याच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली. तसं पाठवलं की व्हॉट्सअॅप फोटो दाबत नाही. त्या प्रतीवर तपासणी केली तेव्हा तारखेतले बाकीचे आकडे मंद आणि एकटा चार ठळक उजळला.

या तपासणीतली मोठी चूक म्हणजे पांढऱ्यावरचं काळं अक्षर नेहमीच चमकतं, हे विसरणं. धारदार कडेला तोडजोड जास्त होते म्हणून खऱ्या कागदावरचीही सगळी अक्षरं उजळ दिसतात. अक्षराची तुलना रिकाम्या कागदाशी केली तर जगातला प्रत्येक दाखला बनावट ठरेल. आकड्याची तुलना आकड्याशी, त्याच जाडीच्या, त्याच आकाराच्या. आणि एक व्यवहाराची सूचना : कोणाचा आधार, बँकेचा कागद किंवा वैद्यकीय दाखला अशा सार्वजनिक वेबसाइटवर चढवू नका. तपासणीच्या नादात दुसऱ्याची माहिती उघड्यावर पडते.

त्या रात्री साडेनऊला आमच्याकडे तीन गोष्टी होत्या : दाणा गेलेली जागा, किनार नसलेला चार, आणि जुन्या प्रतीत वेगळा उजळलेला तोच चार. तिन्ही एकाच जागी बोट दाखवत होत्या. तरीही बातमी दिली ती दोन मुख्याध्यापकांशी बोलल्यावर आणि २३ तारखेच्या मूळ आदेशाची प्रत शेजारी ठेवल्यावर. मूळ प्रतीत तीन होता, बाकी कागद शब्द न् शब्द तोच. तोवर बऱ्याच घरी दप्तरं कोपऱ्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी काही शाळांत घटक चाचणी होती, ती काही मुलांची चुकली.

चार दिवसांनी उलटं झालं

पुढचा प्रसंग जास्त विचार करायला लावणारा आहे. चार दिवसांनी पाऊस पुन्हा वाढला आणि खरोखरच सुट्टीचा आदेश निघाला. त्याचीही प्रत ग्रुपवर आली. पण आता लोक शहाणे झाले होते. कोणीतरी फोटो मोठा केला, अक्षरांभोवती जाड पांढरी किनार आणि मागे अगदी गुळगुळीत कागद बघितला, लाल गोल काढला आणि वर लिहिलं, ‘हाही फेक’. सकाळी काही पालकांनी मुलांना पावसात शाळेला धाडलं. मुलं बंद फाटकापर्यंत जाऊन भिजून परत आली. ओढ्याला पाणी असताना हा प्रकार गमतीचा नव्हता.

आदेश खरा होता. तो कोणीतरी मोबाइलच्या स्कॅनर अॅपने काढला होता. असं अॅप कागद पांढराशुभ्र करतं, म्हणजे दाणा पुसतं. अक्षरं उठावदार करतं, म्हणजे किनार जाड करतं. शाई आणि कागद वेगळे धरून त्यांना वेगवेगळी वागणूक देतं. आपण ज्यांना खुणा म्हटलं त्या सगळ्या यंत्राने स्वतःच तयार केल्या, पण साऱ्या पानावर, सगळ्या अक्षरांना सारख्या. लाल गोल काढणाऱ्याने फक्त तारखेभोवती बघितलं. वरचं मथळ्याचं अक्षर मोठं केलं असतं तर तिथेही तीच किनार दिसली असती.

याच चुकीचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे. २७ एप्रिल २०११ रोजी व्हाइट हाउसने तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या जन्मदाखल्याची स्कॅन केलेली पीडीएफ प्रसिद्ध केली. काही तासांत लोकांनी ती उघडून दाखवलं की अक्षरांभोवती पांढरी किनार आहे, काही अक्षरं एका थरात आणि काही दुसऱ्या थरात आहेत, काहींचा दाणा वेगळा आहे. निष्कर्ष काढला, दाखला बनावट. खरं कारण स्कॅनिंगच्या यंत्रात होतं. फाइल लहान करण्यासाठी अशी यंत्रं अक्षरं आणि पार्श्वभूमी वेगळी काढतात, अक्षरं एका रीतीने दाबतात आणि मागचा कागद दुसऱ्या रीतीने. त्यामुळे थरही पडतात आणि किनारही येते. नंतर काही जणांनी झेरॉक्स कंपनीच्या ऑफिस यंत्रावर दुसरे कागद स्कॅन करून तसाच परिणाम काढून दाखवला. हवाई राज्याच्या आरोग्य खात्याने दाखला खरा असल्याचं सांगितलंच होतं. ज्याच्याकडे मूळ नोंद होती त्याचा शब्द इथे फोटोतल्या किनारीपेक्षा मोठा होता.

मग निकाल कसा द्यायचा?

आमच्या डेस्कवर तेव्हापासून एक साधी शिस्त ठेवली आहे. एका खुणेवर बोलायचं नाही. निदान दोन वेगळ्या जातीच्या खुणा एकाच आकड्यावर जमल्या पाहिजेत, आणि त्याच कागदावरच्या बाकीच्या आकड्यांवर त्या नसल्या पाहिजेत. तसं झालं तरी लिहायचं ते ‘या प्रतीत तारीख बदललेली दिसते’ एवढंच. ‘आदेश बनावट’ हे शब्द मूळ कागद किंवा तो काढणारं कार्यालय हाताशी असल्याशिवाय वापरायचे नाहीत. आणि खुणा सापडल्या नाहीत म्हणून ‘खरा आहे’ असंही म्हणायचं नाही, कारण चार वेळा दाबलेल्या फोटोत खूण सापडतच नसते.

वाचकांकडून एकच मागणं. इंदूरहून लाइट बिलाचा फोटो येवो, बडोद्याहून नोटिशीचा किंवा खानापूरहून सुट्टीचा, आमच्याकडे तपासायला पाठवताना स्क्रीनशॉट पाठवू नका. तुमच्याकडे जशी आली तशी फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि ती तुम्हाला कुणाकडून आली तेही कळवा. त्या रात्री चार पकडला गेला तो तिसऱ्या माणसाने जुनी प्रत डिलीट केली नव्हती म्हणून.